कुस्तीच्या रीलचं कव्हर आपोआप निवडणं: फ्लेक्सबोर्डापासून ढाकेपर्यंत

मागच्या वेळी लिहिलं होतं की रील्स शेड्यूलवर टाकायचं काम आता स्क्रिप्ट करते, फक्त कव्हर अजून हाताने निवडावं लागतंय. तर आता कव्हरचंही बऱ्यापैकी जमलंय, त्याचा हिशोब देतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपलं पेज म्हणजे सांगली साताऱ्याकडच्या जत्रांमधली कुस्ती मैदानं, एक कुस्ती म्हणजे एक रील, तीस-चाळीस सेकंदांची. मैदान एका दिवसाचं, पण रील्स पुढं दोन-तीन आठवडे रोज एक जाते, म्हणून शेड्यूल लागतं.

कव्हर काहीच नाही दिलं तर इन्स्टाग्राम पहिली फ्रेम उचलतं. कुस्तीच्या क्लिपची पहिली फ्रेम म्हणजे दोन पैलवान लांब उभे, मधे पंच, सलामी चाललेली. सगळ्या रील्सची पहिली फ्रेम तीच, त्यामुळं प्रोफाइल उघडली की एकच फोटो वीस वेळा छापल्यासारखा दिसतो.

मग सगळे करतात तेच आधी केलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा शार्पनेस मोजायचा आणि सगळ्यात शार्प फ्रेम घ्यायची. OpenCV मधे लाप्लासियनचा व्हेरियन्स काढतात, एका ओळीचं काम आहे. आणि निकाल काय आला तर फ्लेक्सबोर्ड! मैदानाच्या मागं लावलेला, शुभेच्छुकांच्या चाळीस फोटोंचा, तो ज्या फ्रेममधे पूर्ण दिसतो ती फ्रेम पहिल्या नंबरला. त्याच्या खालोखाल प्रेक्षक, टोप्या, डोकी, बांबूचं कुंपण. कारण हा आकडा "फोटो चांगला आहे का" हे सांगतच नाही, तो फक्त चित्रात बारीक कडा किती आहेत एवढंच सांगतो. फ्लेक्सवर अक्षरं आणि चेहरे, म्हणजे कडाच कडा. उलट माती आणि उघडं अंग ह्यात कडा फार कमी, आणि डाव चालू असताना अंग हलतंय म्हणजे त्यातपण ब्लर. एका क्लिपमधे फ्लेक्सवाल्या फ्रेमला ४१० आले आणि ढाकेचा डाव लागला त्या फ्रेमला ९६. म्हणजे ह्या पद्धतीने कुस्ती कधीच जिंकत नाही, नुसतं बसलेलं पब्लिक जिंकतं.

ffmpeg चा `thumbnail` फिल्टरपण बघितला. तो दिलेल्या फ्रेम्सच्या गठ्ठ्यातून रंगांच्या हिस्टोग्रामवरून सगळ्यात "सरासरी" फ्रेम निवडतो. लग्नाच्या व्हिडिओला चालेल, पण कुस्तीत सरासरी क्षण म्हणजे खडाखडी, आणि आपल्याला पाहिजे तो क्षण सगळ्यात कमी सरासरी असतो.

तर मुद्दा असा की शार्पनेस हा आकडा दोन वेगळ्या प्रसंगांची तुलना करायला वापरायचाच नाही. आधी क्षण कुठला ते दुसऱ्या कशावरून तरी ठरवायचं, आणि मग त्या एका क्षणाच्या आतल्या फ्रेम्समधे शार्प कुठली एवढंच त्याला विचारायचं. तिथं मागचा फ्लेक्स सगळ्या फ्रेम्समधे सारखाच असतो, त्यामुळं आकड्यातला फरक पैलवानांमुळंच पडतो.

क्षण कशावरून शोधायचा? आवाजावरून. मैदानात बसलेल्याला हे सांगायला नको, डाव लागला की पब्लिक उठतं आणि ओरडतं. पण ओरडतं ते डाव लागल्यावर, आधी नाही. त्यामुळं आवाजाचा कळस जिथं येतो तिथं स्क्रीनवर काय असतं, तर जिंकलेला पैलवान उठून हात वर करतोय आणि चार पोरं आखाड्यात पळत आलीत. पाहिजे ती फ्रेम त्याच्या साधारण दोन सेकंद आतमधे मागं असते. हलगी कायम वाजत असते, म्हणून एकेक ठोका न बघता अर्ध्या सेकंदाची सरासरी पातळी घ्यायची, मग हलगी सपाट होते आणि पब्लिकचा आवाज वर उठून दिसतो. निवेदक माईकवर ओरडला तर मात्र हे फसतं, आणि आपल्याकडचे निवेदक देणगीदाराचं नाव घेतानापण त्याच जोशात ओरडतात, त्याला इलाज नाही. म्हणून एकच कळस न घेता वरचे तीन घेतो.

आता एक क्लिप पूर्ण सांगतो. ४२ सेकंदांची, फोन मोनोपॉडवर. त्याआधी एक गोष्ट, फोनचा व्हिडिओ बहुतेक वेळा व्हेरिएबल फ्रेम रेटचा असतो, म्हणजे फ्रेम नंबरला ३० ने भागून वेळ काढली की ती हळूहळू सरकत जाते आणि शेवटाकडं भलतीच फ्रेम हाती येते. म्हणून पहिल्यांदा फ्रेम रेट एकसारखा करून घ्यायचा आणि पुढं सगळीकडं, अपलोडलासुद्धा, तीच फाइल वापरायची.

```
ffmpeg -i kusti.mp4 -vf fps=30 -c:a copy kusti30.mp4
```

आवाजाचा कळस आला ३१.५ सेकंदाला. म्हणजे २९.५ ते ३१.५ एवढी खिडकी, ६० फ्रेम्स. ह्यातपण अख्ख्या फ्रेमचा शार्पनेस मोजत नाही, फक्त जिथं हालचाल आहे तेवढ्या चौकटीचा मोजतो. लागोपाठच्या दोन फ्रेम्सची वजाबाकी केली (`cv2.absdiff`) की हलणारा भाग उजळतो, त्याभोवती चौकट. चौकट जर जवळजवळ अख्खी फ्रेम व्यापत असेल तर समजायचं फोन फिरवलाय, ती फ्रेम बाद. आणि वरचा पंचवीस टक्के भाग हालचालीच्या हिशोबातच धरत नाही, कारण तिथं पब्लिक उठतं आणि चौकट उगाच वरपर्यंत ताणली जाते.

साठातून तीन फ्रेम्स पुढं आल्या. पहिल्या नंबरची एकदम कडक, पैलवान ढाकेवर उचललेला, पाय हवेत, तोंडावरचा ताण दिसतोय. पण आता प्रोफाइलवर कसं दिसेल ते तपासायची पायरी, आणि बहुतेक जण इथंच थांबतात कारण लॅपटॉपवर फ्रेम पूर्ण मोठी दिसत असते. इन्स्टाग्रामची प्रोफाइल ग्रिड जानेवारी २०२५ पासून चौकोनी राहिली नाही, ३:४ झालीय. १०८० बाय १९२० च्या कव्हरमधून मधला १४४० चा पट्टा दिसतो, वरून २४० आणि खालून २४० पिक्सेल जातात. आमच्या उचललेल्या पैलवानाचे पाय होते वरून १९० वर. म्हणजे ग्रिडमधे पाय गायब, आणि पाय नसले की ती ढाक न दिसता दोन माणसांची गळाभेट दिसते.

दुसऱ्या नंबरची फ्रेम घेता आली असती पण मन होईना. तर कव्हर स्वतःचं बनवून द्यायची सोय आहे तिचा उपयोग केला. मूळ फ्रेममधला १०० ते १५४० हा पट्टा कापला आणि १९२० उंचीच्या कोऱ्या चित्रात २४० पासून चिकटवला, म्हणजे सगळं १४० ने खाली सरकलं. वर-खाली उरलेल्या जागेत त्याच फ्रेमचा ब्लर. पाय आता ३३० वर, ग्रिडच्या वरच्या कडेपासून ९० पिक्सेल आत. तो ब्लर कव्हर पूर्ण उघडलं तरच दिसतो.

मग नवीन कव्हर ३६० बाय ४८० ला छोटं करतो, १०८० रुंदीच्या फोनवर तीन रकान्यांत एकाच्या वाट्याला साधारण तेवढंच येतं, आणि आधीच्या आठ कव्हर्ससोबत तीन बाय तीन जोडून एकच चित्र करून फोनवर पाठवतो. हे चित्र घरात बघायचं नाही, बाहेर उन्हात बघायचं. आमच्या तालमीतल्या वस्तादांना दाखवलं तर म्हणाले, "ह्यात खालचा कोण अन् वरचा कोण तेच कळंना की रं." मी म्हटलं, "वस्ताद, मोठं करून बघा." तर म्हणाले, "लोकं मोठं करून बघत्यात व्हय?" बरोबर आहे. लाल माती, मातीनं माखलेलं अंग, दोन्ही एकाच उजेडाचे, छोटं केलं की एकच गोळा होतो. हे मोजतापण येतं: छोट्या चित्रात हालचालीच्या चौकटीच्या आतला सरासरी उजेड आणि तिच्या भोवतालच्या पट्ट्याचा उजेड, दोन्हीत ० ते २५५ च्या मापावर वीसपेक्षा कमी फरक असेल तर आता स्क्रिप्ट पुढची फ्रेम बघते. वीस हा आकडा आमच्या मातीपुरता, मॅटवरच्या कुस्तीला वेगळा ठेवावा लागेल.

कव्हरवर नाव टाकणाऱ्यांसाठी, Pillow ने देवनागरी लिहिणार असाल तर आधी हे बघा:

```
python3 -c "from PIL import features; print(features.check('raqm'))"
```

`False` आलं तर, म्हणजे अक्षरं नीट जोडणारी raqm लायब्ररी नसेल तर, "चितपट"मधली वेलांटी च च्या उजवीकडं जाऊन बसेल आणि "कुस्ती"तला स्त फुटून पाय मोडलेला स दिसेल. आणि अक्षर ७२ ठेवलं तर ग्रिडमधे तिसरा हिस्सा होऊन २४ उरतं, काना-मात्रा एकात एक जातात. मी १३० ठेवतो, दोन शब्द, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापासून लांब कारण तिथं व्ह्यूजचा आकडा येतो.

पोस्ट करताना इन्स्टाग्रामच्या API मधे कव्हरसाठी दोन पर्याय आहेत, `thumb_offset` म्हणजे मिलिसेकंदात वेळ, किंवा `cover_url` म्हणजे तयार चित्राची लिंक. दोन्ही दिले तर `cover_url` चालतो, दुसरा सोडून दिला जातो. मी `cover_url` च वापरतो, एकतर वरची सरकवासरकवी त्याशिवाय होत नाही आणि दुसरं म्हणजे ढाकेत दोन-तीन फ्रेम्स इकडंतिकडं झाल्या तरी चित्र बदलतं. लिंक मात्र बाहेरून कुणालाही उघडता यायला पाहिजे. आणि API मधे पब्लिश करायच्या आधी रीलचा कंटेनर, म्हणजे कच्ची पोस्ट, बनवावा लागतो, ते आठवडाभराचे आधीच करून ठेवू नका, पब्लिश न केलेला कंटेनर २४ तासांत मरतो. व्हिडिओ आणि कव्हर तयार ठेवायचं, कंटेनर वेळेच्या थोडा आधी करायचा, `status_code` ला `FINISHED` आलं की पब्लिश.

पब्लिश झाल्यावर `thumbnail_url` मागवून ते चित्र लगेच उतरवतो आणि आपल्या कव्हरशी ताडून बघतो, फार वेगळं निघालं तर मला मेसेज येतो. मग ॲपमधून हाताने कव्हर बदलायचं.

हे सगळं करून एक लक्षात ठेवा, रील्सच्या टॅबमधे स्क्रोल करणाऱ्याला कव्हर दिसतच नाही, तिथं व्हिडिओ थेट चालू होतो. कव्हरचं काम प्रोफाइलवर आणि सर्चमधे. म्हणून चितपट झालेली फ्रेम मी कव्हरला घेत नाही, प्रोफाइलवर आलेल्याला निकाल आधीच कळला तर तो कशाला उघडेल, पाठ टेकायच्या आधीची हवेतली फ्रेमच घ्यायची.

यूट्यूब शॉर्ट्सचं अजून हातानेच चाललंय, तिथं फ्रेम मोबाइल ॲपमधून अपलोड करतानाच निवडतो. त्यासाठी स्क्रिप्ट फाइलच्या नावातच वेळ टाकते, `kusti30_30s4.mp4` असं, म्हणजे ३०.४ सेकंद, आणि धाकटा भाऊ तिथं स्लायडर नेऊन सोडतो. रात्रीच्या मैदानाचं अजून बसत नाहीये, फ्लडलाइटच्या उजेडात काही फ्रेम्सवर काळे पट्टे येतात आणि शार्पनेसचा आकडा त्या पट्ट्यांच्या कडांनाच मार्क देतो. आपल्या विजेच्या ५० हर्ट्झला जुळावं म्हणून शटर १/१०० ला बांधलं तर पट्टे जातात पण डाव ब्लर होतो. कुणी २५ किंवा ५० फ्रेम रेटवर रात्रीचं शूट केलं असेल तर शटर किती ठेवलं होतं ते सांगा.