तुम्ही विचारलंत म्हणून: कार्ड कुणाचं?

एका वाचकाचा प्रश्न: "डिझाइनच्या मुलाखतीत 45 मिनिटांतली दहा मिनिटं प्रश्न विचारण्यातच गेली, तर डिझाइन कधी करायचं?"

काही वर्षांपूर्वी लोअर परळच्या एका कंपनीत मी मुलाखतीला गेलो होतो. फळ्यावर एकच ओळ होती: दादर स्टेशनवरचं तिकीट मशीन सुधारा. मी रोज दादरला उतरणारा, म्हटलं हे तर घरचंच कार्य. लगेच मार्कर उचलला. स्मार्ट कार्ड ठेवलं की मागच्या वेळचा प्रवास समोर येईल, एक बोट लावलं की तिकीट बाहेर. तीन स्क्रीन काढून मोकळा झालो.

समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "कार्ड कुणाचं?"

आणि माझी दांडी गुल. मशीनशेजारी कमिशनवर तिकिटं देणारे काका उभे असतात, बरेचदा रेल्वेतून निवृत्त झालेले. रांगेतला माणूस "ठाणा, रिटर्न" म्हणून सुट्टे पुढे करतो आणि काका स्वतःचं कार्ड वापरून तिकीट काढतात. त्या कार्डावरचा मागचा प्रवास म्हणजे रांगेतल्या आधीच्या माणसाचा! हे दृश्य मी रोज बघत होतो, पण बटणं कोण दाबतं हे विचारलं नव्हतं. नोकरी अर्थातच गेली.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो आणि हाच प्रश्न देतो. मध्यंतरी एका मुलीने आधी तीनच गोष्टी विचारल्या: मशीन कोण चालवतं, रांग कमी करायची की चुकीची तिकिटं, आणि मशीन तेच ठेवायचं का? दुसऱ्यावर मी मुद्दाम म्हटलं, "तुम्हीच ठरवा." तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: "गृहीत: रांग". (बारा प्रश्न विचारून एकाही उत्तराला हात न लावणारेही भेटतात. तो वेळ खरंच वाया जातो.)

मग ती काढता काढता बोलत राहिली. स्टेशनांचा नकाशा मागे ढकलला आणि पहिल्या स्क्रीनवर तिथून सर्वांत जास्त खपणारी आठ स्टेशनं मोठ्या बटणांत मांडली. मी अडवलं, "काका नाहीत, रात्रीचे अकरा वाजलेत आणि समोर नवखा माणूस आहे. त्याचं काय?"

"त्याला एक टॅप जास्त पडेल. काका दिवसभर हेच करतात, म्हणून मी त्यांचा टॅप वाचवला. पण नकाशाचं आणि भाषेचं बटण पहिल्याच स्क्रीनवर ठेवते, नाहीतर तो अडकेल."

"निर्णय चुकला हे कसं कळणार?"

"पहिल्या स्पर्शापासून तिकीट छापेपर्यंतचा वेळ मोजेन, काका असतानाचा वेगळा, नसतानाचा वेगळा. दुसरा फार वाढला किंवा लोक अर्ध्यातूनच निघून जायला लागले, तर नकाशा परत पुढे."

वेळ संपली तेव्हा तिची तिसरी स्क्रीन अर्धीच होती. मी त्याबद्दल विचारलंही नाही.