पुरणपोळीच्या ऑर्डरी घ्यायच्या आधी तासांचा हिशेब: माझा अनुभव

नोकरी सांभाळून शनिवारी पुरणपोळीच्या ऑर्डरी घ्यायच्या, असं मनात आलं की सगळे एकच हिशेब करतात, आणि मीही तोच केला होता. एक पोळी लाटून भाजायला तीन मिनिटं, म्हणजे चाळीस पोळ्यांना दोन तास, पुरणाला एक तास, झाले तीन तास. सलग चार शनिवार घड्याळ लावून प्रत्येक काम वहीत टिपलं, तेव्हा याच चाळीस पोळ्यांना सरासरी नऊ तास लागत होते. तीनाचे नऊ कसे झाले, हे समजल्याशिवाय हे काम आपल्या आठवड्यात बसतं की नाही ते ठरवता येत नाही.

मोजताना आठवणीवर अजिबात विसंबू नये. संध्याकाळी बसून लिहिलं तर लाटणं-भाजणं लक्षात राहतं, पण गूळ चिरलेला, खोक्यांचा हिशेब केलेला, फोनवर बोललेलं सगळं गळून जातं. ओट्याजवळ भिंतीला एक कागद लावावा आणि काम सुरू करताना व संपवताना फक्त वेळ लिहावी. प्रत्येक कामापुढे एक खूणही हवी: हात अडकले होते, घर अडकलं होतं, की मी खरंच मोकळी होते. डाळ तीन तास भिजत असते तेव्हा बाजारात जाता येतं, म्हणून तो वेळ मोजायचा नाही. पण गिऱ्हाईक अकरा ते एकच्या दरम्यान पोळ्या न्यायला येणार असेल, तर हातात काम नसलं तरी घर सोडता येत नाही. हा वेळ लोक धरतच नाहीत.

चाळीस पोळ्यांना मी सव्वा किलो हरभरा डाळ आणि तेवढाच गूळ घेते. पाच-पाच पोळ्यांच्या आठ ऑर्डरी असल्या की नऊ तास साधारण असे जातात. सामान आणायला चाळीस मिनिटं. डाळ निवडून, धुऊन भिजत घालायला पंधरा. डाळ शिजवून कट काढणं, गूळ घालून पुरण आटवणं आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढणं याला पंच्याऐंशी. कणीक मळून तेल लावून तिंबायला पंचवीस. लाटणं-भाजणं एकशे चाळीस, म्हणजे पोळीमागे साडेतीन मिनिटं, कारण तवा जमून येईपर्यंतच्या पहिल्या आठ-दहा पोळ्या सावकाश होतात. आवराआवर पन्नास आणि हिशेब वीस. उरलेली पावणेतीन तासांची गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक: मेसेज, पत्ता, पैसे आलेत का ते पाहणं यात ऑर्डरमागे बारा मिनिटं, बटर पेपर घालून खोकं भरायला चार, आणि दारात देताना पाच.

पोळ्या जाळीवर गार केल्याशिवाय खोक्यात भरू नयेत. गरम पोळ्या एकावर एक ठेवल्या तर वाफ धरून ओलसर होतात, एकमेकींना चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. म्हणून शेवटची पोळी तव्यावरून उतरल्यावर तासभर तरी खोकं बंद करता येत नाही. तो तासही घर अडकलेल्या रकान्यात जातो.

कागदावरचे आकडे दोन ढिगांत लावल्यावर खरी गोष्ट कळली. सामान, डाळ, पुरण, कणीक, आवराआवर आणि हिशेब हे दहा पोळ्या केल्या तरी जवळपास तेवढेच लागतात, कारण कढई, कुकर आणि यंत्र तेच काढायचं, तेच धुवायचं. हे जवळजवळ चार तास बांधलेले. वाढतात ते दोनच: पोळीमागे साडेतीन मिनिटं आणि ऑर्डरमागे एकवीस. पाच पोळ्यांची ऑर्डर तव्यावर साडेसतरा मिनिटं घेते आणि फोन, खोकं व दार मिळून एकवीस. म्हणजे तव्यापेक्षा गिऱ्हाईकच जास्त वेळ खातं.

यावरून उत्तर सरळ निघतं. त्याच चाळीस पोळ्या दहा-दहाच्या चार ऑर्डरींत गेल्या, तर नऊ तासांचे सात तास चाळीस मिनिटं होतात. पोळी एकही कमी नाही, मेहनत तीच, आणि सव्वा तासाहून जास्त वेळ वाचतो. म्हणून दहापेक्षा कमीची ऑर्डर घ्यायची नाही, हे मी सगळ्यात आधी ठरवलं.

मग साठ का नाही? कागदावर साठ पोळ्या सहा ऑर्डरींत साडेनऊ तासांत बसतात. पण साडेतीन मिनिटांचा दर पंचेचाळीसपर्यंतच टिकतो. पुढे खांदे भरून येतात, लाटणं एकसारखं फिरत नाही, कडा पातळ होऊन पोळी फाटते, आणि फाटलेल्या पोळीला तवा पुसून पुन्हा सुरू करावं लागतं. माझी कढई दीड किलो डाळीच्या पुरणापर्यंतच हलवता येते. त्यापुढे दोन घाणे, म्हणजे बांधलेल्या वेळात तासाभराची भर.

एका शनिवारी नऊचे साडेदहा झाले होते. कट नीट निथळला नव्हता, आणि पातळ पुरण आटवायलाच चाळीस मिनिटं जास्त गेली. पुरणात उलथणं उभं राहिलं की ते झालं, कलंडलं तर अजून आटवायचं. घाईत तसंच पुढे गेलं तर लाटताना पुरण बाहेर येतं आणि ते चाळीस मिनिटं दुपटीने वसूल करतं. त्याच दिवशी डाळीचा एखादा कच्चा दाणाही यंत्रातून सुटला होता, त्यानेही दोन पोळ्या फाटल्या. असा शनिवार हिशेबातून वगळायचा मोह होतो. मी उलट केलं. चारांपैकी सगळ्यात वाईट आठवड्याचाच आकडा धरला, सरासरी धरली नाही. आपल्या उरलेल्या आठवड्याशी गाठ त्याच आकड्याची असते.

दुसरी बाजू म्हणजे आपल्याकडे उरलेले तास. १६८ मधून झोप, नोकरी आणि प्रवास वजा केला की चाळीस-पन्नास तास उरल्यासारखे दिसतात. त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, कारण मंगळवारी रात्री सुटा मिळालेला पाऊण तास पुरणाच्या कामाचा नाही. पोळीला सलग वेळ लागतो: शुक्रवारी रात्री दीड तास आणि शनिवारी सकाळपासून सहा-साडेसहा तास. मी दोन आठवडे फक्त हे दोन तुकडे पाहिले. शुक्रवारी रात्री साडेनऊनंतर हातात काय उरतं, आणि शनिवारी एकपर्यंत घरातलं कोण काय मागतं? दोन्ही मिळून साडेआठ तास निघाले, पण दर आठवड्याला नाहीत. दुसरा शनिवार दवाखाना, लग्न आणि पाहुण्यांत गेला.

होळीचा आकडा या हिशेबात घालू नये. होळी तिथीने येते, कोणत्याही वारी पडते, आणि आदल्या दोन दिवसांत चौपट मागणी येते. त्याला रजा टाकायची की नाही हा वेगळा निर्णय आहे, आणि तो जानेवारीतच कॅलेंडर समोर ठेवून घ्यावा.

शेवटी बसलं ते असं: एक शनिवार आड, जास्तीत जास्त चाळीस पोळ्या, कमीत कमी दहाची ऑर्डर, ऑर्डर गुरुवारी रात्री बंद, आणि न्यायला यायची वेळ बारा ते एक, एकच तास. कागद अजून ओट्याजवळच्या भिंतीवर आहे. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी पुन्हा वेळा लिहिते, कारण ओळखीची गिऱ्हाइकं वाढली तसा ऑर्डरमागचा बारा मिनिटांचा फोन आता सातवर आलाय, आणि गूळ किसून ठेवला की शुक्रवारची वीस मिनिटं सुटतात.