पानावर किती शब्द अडले? जर्मन वाचनाची वही, जून ते ऑक्टोबर

ठाण्याहून वाशीला जाणारी गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे पाच मिनिटं आधी पोचलं की खिडकी मिळते. पुढचा अर्धा तास माझा. जूनपासून त्यातली पंचवीस मिनिटं मी जर्मन ग्रेडेड रीडर वाचतोय. ग्रेडेड रीडर म्हणजे शिकणाऱ्यांसाठी ठरावीक शब्दसंख्येत लिहिलेली किंवा सोपी करून दिलेली गोष्टीची पुस्तकं. या वेळी फक्त एकाच गोष्टीचा हिशेब मांडतो, कारण माझा सगळा जुलै तिच्यात वाया गेला: आपली पातळी कोणती, हे पानावरच्या अनोळखी शब्दांवरून कसं ठरवायचं.

सुरुवात मी पाच बोटांच्या नियमाने केली. पान वाचायचं, शब्द अडला की एक बोट मिटायचं, पाची बोटं मिटली तर पुस्तक जड. नियम सोपा आहे, पण तो मुळात मातृभाषेत वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी आहे, आणि पान केवढं ते त्यात कुठेच येत नाही. साध्या कादंबरीच्या पानावर तीनशेच्या आसपास शब्द असतात. ए-२, बी-१ या भाषा शिकण्याच्या पातळ्या, ए-२ खालची आणि बी-१ तिच्या वरची. माझ्याकडच्या पहिल्या ए-२ पुस्तकात मोठा टाइप, मध्ये चित्रं, पानावर जेमतेम १३० शब्द. तीनशेत पाच म्हणजे साठ शब्दांमागे एक. १३०मध्ये पाच म्हणजे सव्वीस शब्दांमागे एक. बोटं तीच, वाचन दुप्पट जड.

मग पानं सोडून शंभर शब्दांचा हिशेब धरला. या क्षेत्रात वारंवार सांगितला जाणारा आकडा ९८ टक्के आहे. हू आणि नेशन यांनी २००० साली एका गोष्टीतले काही शब्द काढून त्यांच्या जागी बनावट शब्द घातले आणि किती शब्द माहीत असले तर गोष्ट कळते ते तपासलं. ८० टक्के शब्द ओळखीचे असताना कुणालाच ती नीट कळली नाही. ९० आणि ९५ टक्क्यांवर काहींना कळली, बऱ्याच जणांना नाही. शब्दकोशाशिवाय, मौजेने वाचायचं तर ९८ टक्के शब्द माहीत हवेत, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. ९५ आणि ९८ कागदावर शेजारी दिसतात, पण एका ओळीत दहा शब्द धरले तर ९५ला दर दोन ओळींना ठेच लागते आणि ९८ला दर पाच ओळींना. हलत्या गाडीत वाचताना हा फरक फार मोठा असतो.

आता प्रत्यक्ष मोजणी. तीन पुस्तकं हाताशी होती. पहिलं पान मी मुद्दाम घेतलं नाही. तिथे गावाचं, हवेचं, घराचं वर्णन असतं आणि शब्द उगाच दाट पडतात. मधली, सलग नसलेली तीन पानं घेतली, पेन्सिलने अनोळखी शब्दाखाली टिंब दिलं, शब्दकोश बंद.

पहिलं पुस्तक, ए-२, पानाला १३० शब्द: टिंबं २, १, ३. एकूण ३९० शब्दांत सहा, म्हणजे पासष्टात एक. दुसरं, बी-१, पानाला २१० शब्द: ९, ६, ११. एकूण ६३० शब्दांत सव्वीस, चोविसात एक. तिसरं पुन्हा ए-२, पण वेगळ्या प्रकाशनाचं, पानाला १६० शब्द: ७, ५, ६. एकूण ४८०मध्ये अठरा, सत्ताविसात एक.

तिसऱ्या पुस्तकाने माझे डोळे उघडले. पाठीवर ए-२ छापलंय आणि मला ते जवळजवळ बी-१ इतकंच जड. ए-२, बी-१ या पातळ्या मुळात 'या माणसाला भाषेत काय काय करता येतं' याची वर्णनं आहेत, त्यांच्यात ठरलेली शब्दयादी नाही. प्रत्येक प्रकाशक आपापली रेघ ओढतो. कव्हरवरचं अक्षर फक्त दुकानात पुस्तकाच्या जवळ जाण्यापुरतं, निवड आतली तीन पानं करतात.

टिंब कशाला द्यायचं हेही आधी ठरवावं लागलं. जोडशब्दांना घाबरायचं नाही असं ठरवलं. 'हाउसट्यूरश्ल्युसेल' पानावर आगगाडीसारखा दिसतो, पण घर, दार आणि किल्ली हे तीन डबे ओळखीचे आहेत. न थांबता अर्थ लागला तर टिंब नाही. विशेषनामं ओळखीची धरायची असतात, पण जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं, त्यामुळे नाव कुठलं आणि नवा शब्द कुठला हे नजरेला कळत नाही. 'कोख' हा स्वयंपाकी की कोख आडनावाचा गृहस्थ, यात मी अर्धं पान घालवलं. (आडनाव निघालं.)

आणि दीपगृह. बी-१ पुस्तकातल्या सव्वीस टिंबांपैकी आठ एकाच शब्दाखाली होती: 'लॉयख्टटुर्म'. गोष्टच दीपगृहात घडते. तो शब्द एकदा कळला की पुढे अडत नाही, म्हणून त्याला आठदा मोजणं अन्याय आहे. तो सोडला तर उरतात अठरा, म्हणजे पस्तिसात एक. तेव्हापासून वहीत दोन आकडे लिहितो, एकूण टिंबं आणि वेगवेगळे शब्द. दोन्हीत मोठं अंतर असेल तर पुस्तक दिसतं तितकं जड नाही: तो एक शब्द आधी बघून घ्यायचा आणि निघायचं. अंतर नसेल, म्हणजे प्रत्येक टिंब नव्याच शब्दाचं असेल, तर ते पुस्तक पुढेही तसंच छळत राहणार.

मी मात्र जुलैत हट्टाने बी-१च उचललं. पंचवीस मिनिटांत आठ पानं, मिनिटाला साधारण ६७ शब्द. ऐरोली येईपर्यंत पहिल्या पानावर काय झालं ते विसरलेलं असायचं. शिवाय टिंबं देणं थांबवलं नव्हतं, त्यामुळे गोष्ट वाचत नव्हतो, पेपर तपासत होतो. पेन्सिल त्या तीन पानांपुरतीच काढायची, मग ती दप्तराच्या तळाशी, हे मी फार उशिरा शिकलो.

ऑगस्टमध्ये खाली उतरून पहिलं ए-२ घेतलं. पासष्टात एक, मिनिटाला ११० शब्द, पंचवीस मिनिटांत एकवीस पानं. मी खूश. एक पुतण्या, त्याचा श्रीमंत काका, जुनं घर. बाविसाव्या पानावर तर एकही शब्द अडला नाही. त्यानंतर काका गोष्टीतून गायब. लोक काळे कपडे घालून येतायत, वकील येतोय, पुतण्या घाबरलाय. मला वाटलं काकांना दुसऱ्या गावी नेऊन ठेवलंय.

रविवारी तलावपाळीला आमचा चार-पाच जणांचा वाचनगट जमतो. तिथे मी ही गोष्ट सांगितली. गटातल्या एक ताई जर्मन शिकवतात. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "अहो, काका गेले कुठे म्हणून काय विचारताय? पुतण्यानेच मारलं ना त्यांना, बाविसाव्या पानावर!"

"बाविसाव्या पानावर मला सगळं येत होतं, ताई."

"तेच तर. शब्द सगळे येत होते."

वाक्य होतं 'एर ब्राख्टे झायनेन ओंकेल उम'. 'ब्राख्टे' म्हणजे आणलं, हे मला पक्कं ठाऊक. 'ओंकेल' म्हणजे काका. शेवटचं 'उम' आठ वाजता, नऊ वाजता अशा वेळेसाठी मी रोज वापरतो. मी वाचलं: त्याने काकांना आणलं, कधीतरी. खरं क्रियापद 'उमब्रिंगेन', ठार मारणे. जर्मनमध्ये अशा क्रियापदाचा पुढचा तुकडा सुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. मराठी शिकणाऱ्या माणसाला 'मारणे' येत असलं तरी 'शाळेला दांडी मारली' वाचून तो काठी शोधत बसेल, तशी माझी गत.

म्हणजे टिंबांची मोजणी फक्त मला अनोळखी *वाटलेले* शब्द पकडते. ओळखीच्या चेहऱ्याने आलेला परका शब्द तिच्या हातून निसटतो. त्यावर दोन उपाय केले. मोजणीच्या पानांवर वाक्याच्या शेवटी असा एखादा सुटा तुकडा उरला आणि त्याचं काम सांगता आलं नाही, तर त्यालाही टिंब. दुसरं, पान संपलं की पुस्तक मिटून काय घडलं ते दोन वाक्यांत मराठीत स्वतःशी सांगायचं. कोण, कुठे, काय केलं. अडखळलो तर टिंबं शून्य असली तरी ते पान कळलेलं नाही. या कसोटीवर पहिल्या पुस्तकाची तीन पानं पुन्हा तपासली, तर सहा टिंबांची आठ झाली. ३९०मध्ये आठ, एकोणपन्नासात एक. पातळी बरोबरच होती, पण मी समजत होतो तितकी सैल नव्हती.

पुढे त्याच मालिकेतली पुस्तकं लावली. पोलीस अधिकारी तोच, शहर तेच, त्यामुळे साक्षीदार, संशय, पुरावा, खोटं बोलणे हे शब्द सारखे फिरून येत राहिले आणि न पाठ करता बसले. गणपतीत दहा दिवस खाडा पडला, तरी सप्टेंबरअखेर अकरा पुस्तकं झाली. एकेक सुमारे सहा हजार शब्दांचं, म्हणजे ६६ हजारांच्या घरात. आठव्यानंतर पानावर टिंबाला जागाच उरेना. दोन-दोन पानं कोरी जायला लागली आणि गोष्टही सांगता येत होती. पातळी बदलायची खूण मी हीच धरतो.

परवा दीपगृहाकडे परत गेलो. नवी तीन पानं घेतली, जुन्यांवर माझीच टिंबं होती. सुट्या तुकड्यांसकट ५, ६, ४. एकूण ६३० शब्दांत पंधरा, बेचाळिसात एक. दीपगृह वगळून जुलैचा आकडा पस्तिसात एक होता. म्हणजे खरी कमाई अठरावरून पंधरा, तीही आता नियम कडक असताना. आकडा पाहून थोडा हिरमुसलो. पण ए-२ गुन्हेकथेतले शब्द समुद्राच्या गोष्टीत कितीसे कामाला येणार? पंधरातले सहा शब्द होड्या, दोरखंड आणि वाऱ्याचे होते. वेग मात्र मिनिटाला ८४ झालाय, पंचवीस मिनिटांत दहा पानं.

पन्नासात एक अजून आलेलं नाही, म्हणून पुस्तक सध्या ताईंकडे परत दिलंय. त्यांनी बदली दिलेलं बी-१ त्याच पोलीस अधिकाऱ्याचं आहे, पानाला १९० शब्द. तीन पानांवर टिंबं ४, ३, ४. एकूण ५७० शब्दांत अकरा, बावन्नात एक. उद्या सकाळच्या गाडीत सुरू करतोय.