आजोबांचा चेहरा: गळ्याशी जुळला, जबड्याखाली अडलाय

मांडवातल्या ग्रुप फोटोत आजोबांचे डोळे मिटलेत, म्हणून त्याच संध्याकाळच्या हॉलमधल्या फोटोतला चेहरा जिम्प या फोटो एडिटरमध्ये तिथे लावतोय, हे मागे सांगितलंच. हॉलमध्ये पिवळे बल्ब, मांडवात दुपारची सावली. चेहरा हळद लावल्यासारखा दिसत होता.

गाडं सुटलं ते एका साध्या गोष्टीने. आतापर्यंत मी गालाचा रंग मानेशी जुळवायला जात होतो, आणि दर वेळी चेहरा निर्जीव व्हायचा. गालात रक्त जास्त, त्यात आयुष्यभराचं ऊन; गाल मानेपेक्षा लाल असणारच. मग चेहरा कापताना हॉलमधली मानही सोबत घेतली आणि मानेची मानेशी गाठ घातली. आयड्रॉपरचं सॅम्पल अ‍ॅव्हरेज चालू करून उजेडातली कातडी मोजली: हॉलमध्ये लाल १९६, हिरवा १४०, निळा १०४; मांडवात त्याच क्रमाने १७२, १३८, १२२. लाल उतरवायचा, निळा चढवायचा, हिरव्याला जवळजवळ हातच लावायचा नाही. सावलीतल्या कातडीवरून प्रत्येक चॅनलला कर्व्ह्जमध्ये आणखी एक बिंदू दिला आणि तेच कर्व्ह्ज पूर्ण चेहऱ्यावर टाकले. गाल मानेपेक्षा तांबूसच राहिला, जसा हवा तसा. पांढऱ्या मिशा टोपीशेजारी ठेवून पाहिल्या, दोन्हींत सारखीच किंचित निळसर झाक. जाम खूश झालो.

जिम्प ३ मध्ये कर्व्ह्ज लेअरवर जिवंत राहतात, मागे जाऊन बदलता येतात. एका क्लिकमध्ये रंग जुळवून देणाऱ्या प्लगइन्सवर माझा विश्वास नाही. ती अख्ख्या चित्राची सरासरी काढतात, त्यात शालूसुद्धा येतो.

आता अडलंय ते डाव्या जबड्याखाली. वर मधला करडा लेअर टाकून मोड LCh Lightness केला, की उजेड-अंधार जातो आणि नुसता रंग उरतो. तिथे मान गुलाबी आणि जबडा मातकट दिसतो, मध्ये सरळ रेघ. कारण डावीकडची लाल कनात: तिचा रंग मानेच्या सावलीत उतरलाय, हॉलमध्ये तसलं काहीच नव्हतं. कर्व्ह्ज फक्त उजेड-अंधार ओळखतात, डावं-उजवं नाही. लाल वाढवला की नाकाची सावलीही लाल होते.

म्हणून वेगळ्या लेअरवर, मोड LCh Color, मानेतूनच रंग उचलून मऊ ब्रशने फक्त जबड्याच्या खालच्या कडेवर रंगवायचं ठरवलं. ओपॅसिटी २० टक्क्यांवर ठेवली तर रेघ दिसते, ४० वर जबडा मार लागल्यासारखा.

हे लिहितालिहिताच सुचलं: सदऱ्याची कॉलर पांढरी आहे! तिची डावी आणि उजवी बाजू मोजली, की कनातीने नेमका किती लाल टाकलाय ते कातडीच्या भानगडीत न पडता कळेल. तो फरक दुसऱ्या कर्व्ह्जमध्ये घालायचा आणि डावीकडून उजवीकडे विरत जाणारा मास्क लावायचा, म्हणजे ब्रशची गरजच नाही. कानाच्या पाळीवरही तोच लाल येईल, ती तर मी विसरूनच गेलो होतो. ग्रेनचं नंतर बघू.