आमची वाटचाल: उठावाची अक्षरं आणि शिरोरेषा

जळगावात आम्ही नावाच्या पाट्या करतो. सुरुवात एका थ्रीडी प्रिंटरवर झाली, लाकूड फिरत्या कटरने कोरणारा राउटर नंतर आला. यंत्रं बदलली, तरी पाटी बिघडायची जागा बदलली नाही. ती जागा म्हणजे डिझायनरची फाइल. म्हणून ही वाटचाल आम्ही एकाच पाटीवरून सांगतो. सागवानी फळी, ३०० बाय १०० मिलिमीटर, तिच्यावर अहिराणीत दोन शब्द: ‘मायनी पुण्याई’. अक्षरं दोन मिलिमीटर उठावाची.

फाइल बहुधा कोरलमधून येते. अक्षरं टाइप केलेलीच ठेवली, तर आमच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. म्हणून ती आधी आकारात बदलून घ्यायची: कोरलमध्ये `Ctrl+Q`, इंकस्केपमध्ये `Object to Path`. बरेच जण इथेच थांबतात, आणि मराठी पाटी इथेच फसते. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो, आणि सलग दिसावं म्हणून तो शेजारच्या तुकड्यावर किंचित चढवलेला असतो. पडद्यावर एकच रेघ दिसते. यंत्राला मात्र अनेक वेगळे आकार दिसतात. मग कटर ‘मा’ला वळसा घालायला जातो आणि शिरोरेषेतूनच आरपार चर पाडतो. काही प्रोग्रॅम दोन आकार जिथे एकमेकांवर येतात तो भाग रिकामा धरतात, तेव्हा प्रत्येक सांध्यावर बारीक चौकोनी भोक पडतं. रेघ कापली गेली, तर दोष लाकडाचा का? नाही, हा दोष फाइलचा.

उपाय साधा आहे. इंकस्केपमध्ये `Ungroup` करून सगळं निवडायचं आणि `Union` द्यायचं. कोरलमध्ये त्यालाच `Weld` म्हणतात. मग बाह्यरेषेच्या दृश्यात पाहायचं. शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसली नाही, तर काम झालं.

दुसरी गोष्ट मापाची. फाइलमध्ये माप मिलिमीटरऐवजी पिक्सेलमध्ये लिहिलेलं असेल, तर एका इंचात किती पिक्सेल धरायचे हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापलं ठरवतो. इलस्ट्रेटर ७२ धरतो, आजचा इंकस्केप ९६, जुना इंकस्केप ९० धरायचा. त्यामुळे ३०० ची पाटी कधी २२५ ची होते, कधी २८१ ची. आम्ही प्रत्येक फाइलमध्ये कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौकोन मागतो. उघडल्यावर तो मोजायचा आणि मग पुसून टाकायचा.

आता मुख्य प्रश्न: कोणता कटर? उठावाच्या अक्षरांत अक्षर तसंच राहतं आणि आजूबाजूचं लाकूड निघतं. त्यामुळे कटरची जाडी अक्षराच्या रेषेवर नाही, तर दोन रेषांमधल्या फटीवर ठरते. तीन मिलिमीटरचा कटर अडीच मिलिमीटरच्या फटीत शिरतच नाही, तिथलं लाकूड तसंच उरतं. आपल्या पाटीत अशा जागा म्हणजे ‘नी’च्या वेलांटीखालची कमान, अर्ध्या ‘ण’ची पोकळी, आणि ‘ई’च्या डोक्यावरचा फराटा. इंग्रजी पाटीत अक्षरं थोडी लांब सरकवून भागतं. मराठीत अक्षरं सरकवली की शिरोरेषाच तुटते, म्हणून ती वाट बंद.

या जागा नजरेने शोधण्यापेक्षा ओपनस्कॅड या कोडवरून आकार काढणाऱ्या प्रोग्रॅमला विचारलेलं बरं. अक्षरं कटरच्या अर्ध्या जाडीने फुगवायची आणि तेवढीच परत आक्रसायची. फुगताना ज्या फटी बुजल्या, त्या आक्रसल्यावर उघडत नाहीत. त्याच कटरला न पोहोचणाऱ्या जागा.

```
module naav() import("naav.svg", dpi=96);
linear_extrude(4) square([300, 100]);
linear_extrude(6) naav();
color("red") linear_extrude(7) difference() {
  offset(r=-1.5) offset(r=1.5) naav();
  naav();
}
```

`F5` दाबलं की न पोहोचणाऱ्या जागा लाल दिसतात. प्रत्येक आतल्या कोपऱ्यात लाल ठिपका येणारच, कारण गोल कटर कोपरा टोकदार काढू शकत नाही. त्याची काळजी नको. वेलांटीची कमान पूर्ण लाल झाली, तर मात्र विचार करायचा. या पाटीत ती झाली. म्हणून मोकळी जागा तीनच्या कटरने काढायची आणि उरलेल्या जागांपुरता एक मिलिमीटरचा कटर लावायचा. एकही फट एक मिलिमीटरच्या आत असेल, तर फॉन्टच बदलावा. मुक्ता आम्हाला बरा वाटतो. बालू गोड दिसतो, पण जाड असल्याने त्याच्या पोकळ्या लवकर बुजतात. रोझा वनच्या बारीक रेषा लाकडात टिकत नाहीत.

सपाट उठावासाठी राउटरला एसटीएल फाइल देऊ नये, हे आमचं ठाम मत आहे. एसटीएलमध्ये गोलाई बारीक सरळ तुकड्यांत मोडते आणि कडेला पैलू उमटतात. एसव्हीजीवरूनच पॉकेट, म्हणजे आजूबाजूचं लाकूड काढायचा कटरचा मार्ग, काढावं. तीनच्या कटरला आम्ही १८,००० फेऱ्या, मिनिटाला १,५०० मिलिमीटर चाल आणि एका वेळी एक मिलिमीटर खोली देतो. एकच्या कटरला चाल ५०० आणि खोली ०.४. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते. अक्षराच्या कडा काळपट दिसू लागल्या, जळका वास आला, की कटर बदलायची वेळ झाली.

लाकडाचे रेषे शिरोरेषेच्या दिशेने आडवे धरावेत. लांब शिरोरेषा त्यामुळे मजबूत राहते. उभे काने मात्र रेष्यांना आडवे जातात, आणि काना अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा बारीक असला तर कटर बाजूने जाताना त्याचा तुकडाच उडतो. शिरोरेषेपेक्षा काना थोडा जाड ठेवावा, तो याचसाठी.

हीच पाटी प्रिंटरवर करायची तर फटीचा प्रश्न संपतो आणि बारीक रेषेचा सुरू होतो. ०.४ च्या नोझलला ०.८ पेक्षा बारीक रेष नीट भरता येत नाही. तळ तीन मिलिमीटर, थर ०.२ चा, म्हणजे पंधरा थर. सोळाव्या थराच्या सुरुवातीला `M600` टाकून रंग बदलायचा. तळाची जाडी थराच्या पटीत नसेल, म्हणजे समजा ३.१ असेल, तर रंग एक थर आधी किंवा नंतर बदलतो. मग अक्षराच्या पायाशी तळाचा रंग डोकावतो, नाहीतर अख्खा तळच नव्या रंगाने माखतो.

मटेरियल मात्र खान्देशचं ऊन पाहून निवडावं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पश्चिमेच्या लोखंडी फाटकावरची गडद पाटी त्याहून कितीतरी जास्त तापते. पीएलए साठ अंशांच्या सुमारास मऊ पडतं, म्हणून ते घरातल्या दारापुरतंच. पीईटीजी ऐंशीपर्यंत तग धरतं. उन्हात एएसए लावावं, ते शंभरच्या जवळपास मऊ होतं आणि उन्हाने त्याचा रंगही लवकर उतरत नाही. पण एएसएची ३०० ची पाटी चाळीस अंशांच्या फरकाने मिलिमीटरभर लांबते. दोन्ही टोकांना स्क्रू घट्ट आवळला तर ती मधून फुगते. एक भोक गोल, दुसरं आडवं लांबट ठेवायचं, आणि लांबट भोकातला स्क्रू पाटी हलेल इतकाच कसायचा.