बाईंसाठी चिठ्ठी

आज बेळगावजवळच्या खानापुरात पुतणीने निवृत्त होणाऱ्या बाईंसाठी चिठ्ठी लिहिली: ‘बाई, तुम्ही खूप छान शिकवलंत. आम्ही सदैव ऋणी राहू.’ ही कुठल्याही बाईंना चालली असती. मी विचारलं, बाईंनी तुझ्यासाठी नेमकं काय केलं गं? मग दुसरी उतरली: ‘बाई, पावसात बस चुकली की तुम्ही व्हरांड्यात बसवून कन्नडचा धडा मराठीतून समजावायचात. म्हणून दहावीला कन्नडच्या पेपरची भीती वाटली नाही.’ कधी, काय केलं आणि त्याने काय झालं, एवढं आलं की विशेषण लागतच नाही. ‘खूप छान’ तिने स्वतःच खोडलं.

प्रसंग मात्र एकच घ्यावा, चार घातले की यादी होते. आणि कुणाची गुपचूप भरलेली फी सगळ्यांसमोर वाचायच्या चिठ्ठीत नको.