दोन अक्षरांचा एम

ग्राहकाच्या हिशेबनीस बाईंचा फोन आला नसता तर आम्हाला काही कळलंच नसतं. "साहेब, तुमचं बँक खातं बदललंय का? मेल आलाय, पण आधी विचारावं म्हटलं." खातं बदललं नव्हतं. पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर करून वाचायला सांगितला, तेव्हा उलगडा झाला. आमच्या डोमेनमध्ये जिथे m आहे, तिथे r आणि n शेजारी शेजारी बसवले होते. मेलच्या बारीक अक्षरांत दोन्ही सारखेच दिसतात.

माझा पहिला विचार असा, की आमच्या डोमेनच्या नावाने येणारे खोटे मेल रोखणारं डीमार्क कडक लावलेलं असताना हे सुटलं कसं? पण डीमार्क राखतं ते आमचं नाव. हे डोमेन वेगळं, त्याच्या मालकाने मेल त्याच डोमेनचा असल्याची खात्री देणारे त्याचे स्वतःचे एसपीएफ आणि डीकेआयएम नीट लावलेले. ग्राहकाच्या सर्व्हरला सगळ्या तपासण्या पास दिसल्या, आणि त्या खऱ्याच होत्या.

बाईंनी मेल फॉरवर्ड केला, पण त्यात मूळ हेडर उरत नाहीत. म्हणून मूळ मेल `.eml` फाइल म्हणून जोडून पाठवायला सांगितला. कोणत्या सर्व्हरवरून निघाला, कधी निघाला, हे त्यातल्या `Received` ओळींत असतं, स्क्रीनशॉटमध्ये नसतं. फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवता यावं म्हणून तिचा एसएचए-२५६ हॅश काढून ठेवला आणि डोमेनची त्या क्षणाची स्थिती यूटीसी वेळेसह नोंदवली. इथे खऱ्या नावाऐवजी नमुन्याचं नाव घातलंय:

```
date -u
dig +short MX lookalike.example
curl -sI http://lookalike.example
```

शेवटच्या आज्ञेचं उत्तर बघून मी चक्रावलो. `301`, आणि `Location` मध्ये आमचीच खरी वेबसाइट! म्हणजे संशय येऊन कुणी ते डोमेन ब्राउझरमध्ये उघडलं, तर तो थेट आमच्या दारात. डोमेनचे मेल कुठे पोचवायचे हे सांगणारा एमएक्स रेकॉर्ड मात्र जिवंत होता, म्हणजे उत्तरं तिकडे पोचत होती.

डोमेनच्या नोंदणीची माहिती देणाऱ्या आरडॅपवर पाहिलं तर नोंदणी तीन दिवसांपूर्वीची. मालकाचं नाव झाकलेलं, पण डोमेन नोंदवून देणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, आणि त्याचा तक्रारीचा पत्ता दिसत होता. रागाच्या भरात मी लिहिलं की आमचं नाव चोरलंय, ट्रेडमार्क आमचा आहे, डोमेन बंद करा. उत्तर आलं: नावाच्या हक्काचा वाद असेल तर यूडीआरपी ही डोमेनच्या वादांची लवादासारखी प्रक्रिया किंवा न्यायालय, शिवाय साइटवर आम्हाला फसवणूक दिसत नाही. दिसणार कशी? ते आमचीच साइट बघत होते. यूडीआरपीला साधारण दोन महिने जातात, तोवर पैसे गेलेले असतात.

दुसऱ्या तक्रारीत ट्रेडमार्कचा शब्दही काढला नाही. विषयातच फिशिंग आणि डोमेनचं नाव लिहिलं. मजकूर पाच-सहा ओळींचा: या डोमेनवरून या वेळी खोटा खातेबदल पाठवला, साइट मुद्दाम आमच्याकडे वळवली आहे, म्हणून पुरावा मेलमध्ये पाहा. सोबत `.eml`, वरच्या आज्ञांची उत्तरं, आणि ग्राहकाने आमचा खरा मेल व खोटा मेल शेजारी ठेवून घेतलेलं चित्र. डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनच्या रजिस्ट्रारांशी असलेल्या करारात ५ एप्रिल २०२४ पासून अशी तरतूद आहे, की कारवाई करण्याजोगा पुरावा मिळाला तर रजिस्ट्रारने फिशिंगवर तातडीने पाऊल उचलावं. तिचा उल्लेख एका वाक्यात केला. दुसऱ्या दिवशी दुपारी आरडॅपमध्ये `client hold` झळकलं. डोमेन डीएनएसमधून उतरलं. जुन्या नोंदी कॅशमध्ये असतात तोवर काही ठिकाणी ते थोडा वेळ चालू दिसतं, तेवढं गृहीत धरायचं.

आमच्याकडचं ब्लॉकिंग मी पुरावा घेतल्यावर लगेच केलं होतं. येणारे मेल सगळेच अडवतात. जाणारेही अडवायचे हे चटकन सुचत नाही. गेटवेच्या लॉगमध्ये ते डोमेन दोन्ही बाजूंनी शोधलं, तर आमच्याच विक्री विभागातून एक उत्तर तिकडे गेलेलं निघालं. खोट्या मेलच्या सीसीमध्ये आमच्या माणसांचे r-n वाले पत्ते होते, आणि त्या साखळीत कुणीतरी 'सर्वांना उत्तर द्या' दाबलं होतं. अर्थात, या ब्लॉकने ग्राहक वाचत नाहीत. ज्यांची बिलं थकीत होती त्यांना आम्ही फोनच केले, नुसत्या मेलवर विसंबलो नाही.

एक प्रश्न मात्र छळत होता. खोट्या मेलखाली आमच्या खऱ्या बिलाची अख्खी साखळी होती. ती त्यांना मिळाली कुठून? आमच्या साइन-इन नोंदी स्वच्छ निघाल्या. बाईंच्या मेलबॉक्सचे नियम तपासायला सांगितले, तर त्यात एक नियम सापडला, ज्याचं नाव नुसतं एक टिंब. आमच्या खऱ्या डोमेनवरून येणारा प्रत्येक मेल तो वाचलेला म्हणून खूण करून, कधीच कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकत होता. आम्ही सकाळी पाठवलेला सावधानतेचा मेलही तिथेच पडून होता.